दिवसभराचा राग घरी का निघतो

दिवसभर बाहेर सगळ्यांशी नीट वागलेली व्यक्ती घरी येते आणि नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एखाद्या साध्या वाक्यावर भडकते. या रागाची काही ठळक लक्षणे आहेत. तो अचानक येतो, निमित्ताच्या मानाने फार मोठा असतो, आणि तासाभरात ओसरला की 'एवढे बोलायला नको होते' असे स्वतः बोलणाऱ्यालाच वाटते. निमित्त बहुधा क्षुल्लक असते: न भरलेले बिल, ओला टॉवेल, भाजीतले मीठ. राग माणसे कोणावर काढतात याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅव्हरिल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केला. रोजच्या जगण्यातला बहुतेक राग अनोळखी किंवा नावडत्या माणसांवर नाही, तर जवळच्या आणि आवडत्या माणसांवरच निघतो, असे त्यातून दिसले. म्हणजे 'माझ्यावर चिडतो, म्हणजे माझ्यावर प्रेम नाही' हा जोडीदाराने काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. मात्र म्हणून तो राग कमी लागतो असे नाही.

या रागाची घडण समजण्यासाठी एका नेहमीच्या दिवसाचे उदाहरण घेता येईल. बदलापूरला राहणारा, फोर्टमधल्या एका बँकेच्या कर्ज विभागात काम करणारा चाळिशीतला अधिकारी. सकाळी पावणेआठची लोकल, ठाण्यापर्यंत उभ्याने. रात्री मुलाच्या खोकल्यामुळे झोप जेमतेम पाच तास झालेली. अकराच्या सुमारास एक ग्राहक कर्ज मंजूर होत नाही म्हणून सगळ्यांसमोर आवाज चढवतो. अधिकारी हसतमुखाने त्याची समजूत काढतो. जेवणाची सुट्टी एकऐवजी अडीचला मिळते आणि डबा अर्धाच खाल्ला जातो. साडेचारला वरिष्ठांबरोबर व्हिडिओ बैठक होते. तिथे वसुलीचे आकडे वाचले जातात आणि सगळ्या शाखांसमोर त्याला ऐकवले जाते की तुमच्यामुळे विभाग मागे पडतो आहे. तो 'येस सर' म्हणतो. संध्याकाळी पावणेसातच्या गाडीत दीड तास तेच वाक्य डोक्यात फिरत राहते. साडेआठला तो दार उघडून आत येतो आणि स्वयंपाकघरातून बायको विचारते, "अहो, लाइटबिल भरलंत का? आज शेवटची तारीख होती." तो बॅग सोफ्यावर आदळतो. "घरात पाऊल टाकलं नाही तोच झाली का तुझी सुरुवात! सगळं मीच लक्षात ठेवायचं?"

वाक्य बिलाबद्दलचे आहे. त्यातला जोर बिलाचा नाही. तो कुठून आला हे पाहण्यासाठी आधी शरीराकडे वळावे लागते.

अपमान, गर्दी, घाई, वाद यांतल्या प्रत्येक प्रसंगी शरीर सज्ज होते. अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू ताणले जातात. त्यामागोमाग कॉर्टिसॉल वाढते आणि ते खाली यायला आणखी वेळ लागतो. प्रसंग संपला की मन लगेच दुसरीकडे वळते, शरीर मात्र तितक्या लवकर पूर्वपदावर येत नाही. डॉल्फ झिलमन या संशोधकाने १९७०च्या दशकात हाच मधला काळ अभ्यासला. व्यायामामुळे ज्यांचे शरीर उत्तेजित झाले आहे अशा लोकांना नंतर कोणी डिवचले, तर ते एरवीपेक्षा अधिक आक्रमक प्रतिसाद देतात, असे त्याच्या प्रयोगांत दिसले. यातला महत्त्वाचा भाग वेळेचा आहे. व्यायाम नुकताच संपलेला असताना माणसाला आपली छाती कशामुळे धडधडते आहे हे ठाऊक असते. काही मिनिटांनी आपण शांत झालो असे त्याला वाटू लागते, पण उत्तेजना थोडीफार उरलेलीच असते. या टप्प्यावर जे घडेल त्याच्या खात्यावर ही उरलेली उत्तेजना जमा होते. मनाला वाटते की एवढा संताप येतो आहे तो समोरच्या गोष्टीमुळेच.

साडेचारचा अपमान साडेआठपर्यंत शरीरात टिकतो का, हा प्रश्न इथे रास्त आहे. नुसत्या अ‍ॅड्रेनॅलिनच्या बळावर तो टिकणार नाही. त्याला टिकवतो तो गाडीतला दीड तास. झालेली गोष्ट मनात घोळवणे, 'मी तेव्हा असे बोलायला हवे होते' याची पुन्हा पुन्हा तालीम करणे, यामुळे तो प्रसंग शरीराच्या दृष्टीने प्रत्येक वेळी नव्याने घडतो. ब्रॅड बुशमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आधी डिवचल्या गेलेल्या काही लोकांना ती गोष्ट मनात घोळवायला लावले आणि काहींचे लक्ष दुसरीकडे वळवले. नंतर एका तिऱ्हाइताने किरकोळ त्रास दिला, तेव्हा घोळवणारे त्याच्यावर जास्त तुटून पडले. त्या तिऱ्हाइताची चूक खरी होती, पण अगदी लहान होती. घरातल्या प्रसंगातही नेमके हेच असते. अगदीच काही निमित्त नसेल तर राग सहसा बाहेर पडत नाही. त्याला एक छोटी, खरी चूक किंवा टोचणारा शब्द लागतो, आणि संसारात अशा गोष्टींची वाण कधीच नसते.

झोपेचाही यात मोठा वाटा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही लोकांची झोप दोन रात्री कमी करून साडेचार तासांच्या आसपास आणली होती; बाकीचे सुमारे सात तास झोपले. दोन्ही गटांना त्रासदायक आवाज ऐकवत काम करायला लावले. पुरेशी झोप झालेले लोक त्या आवाजाला सरावले, तर कमी झोपलेल्यांचा राग वाढला. म्हणजे अपुऱ्या झोपेने राग नुसता वाढतो असे नाही, तर रोजच्या कटकटींना सरावण्याची ताकदही कमी होते. याउलट, दिवसभर संयम ठेवल्याने संयमाचा साठा संपतो आणि म्हणून माणूस घरी फुटतो, ही फार लोकप्रिय झालेली कल्पना जपून वापरायला हवी. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी एकाच पद्धतीने तिची पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. 'माझा संयम संपला होता' हे अनेकांना मनापासून वाटते. पण त्याच माणसाला त्याच क्षणी साहेबांचा फोन आला तर तो शांत आवाजात बोलू शकतो. ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

मग घरीच का? १९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी याचे पहिले सविस्तर उत्तर मांडले: ज्याच्यामुळे राग आला त्याच्यावर तो काढण्याची किंमत जास्त असेल, तर तो कमी धोक्याच्या माणसाकडे वळतो. मराठीत याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. साहेबांवर चिडले तर बढती जाते, ग्राहकावर चिडले तर तक्रार जाते. बायकोवर चिडले तर उद्या सकाळीही ती घरात असते. मात्र धोका कमी असणे हे अर्धेच कारण आहे. बाहेर कोणी आपले दुःख ओळखावे अशी अपेक्षाच नसते, जोडीदाराकडून ती असते, आणि ती न बोलता असते. दारातून आत येणाऱ्याला आपला चेहरा पाहून कोणी तरी 'आज काय झालं?' असे विचारावे असे वाटत असते. त्याऐवजी बिलाचा प्रश्न येतो. त्याला दिवसभरातली शेवटची निराशा तिथे भेटते, आणि ती सर्वांत जवळच्या माणसाकडून आल्यामुळे अधिक लागते.

तरीही एक गोष्ट उरतेच. त्या संध्याकाळी बायकोने 'चहा टाकू का?' असे विचारले असते तर स्फोट झाला असता का? बहुधा नाही. बिलाच्या प्रश्नात असे काही होते जे चहाच्या प्रश्नात नव्हते. साडेचारला त्याला सांगितले गेले होते की तुमचे काम झालेले नाही. साडेआठला त्याने तेच पुन्हा ऐकले, एका वेगळ्या आवाजात. प्रश्न माहितीचा होता. त्याच्या कानाला तो निकालासारखा लागला. रागाखाली दडलेले ते हेच: आपण कमी पडतो आहोत ही लाज, आणि ते आता घरातही कळून चुकले ही भीती.

लेस्ली ग्रीनबर्ग आणि स्यू जॉन्सन यांनी १९८०च्या दशकात जोडप्यांसाठी जी भावनाकेंद्री उपचारपद्धती विकसित केली, तिचा पाया याच फरकावर उभा आहे. एखाद्या घटनेला उमटलेली पहिली भावना वेगळी आणि त्या भावनेवर उमटलेली दुसरी भावना वेगळी. लाज, दुखावले जाणे, एकटेपणा, भीती या पहिल्या भावना माणसाला दुबळे करतात. राग त्याच क्षणी अंगात जोर आणतो आणि दोष बाहेर ढकलतो, म्हणून तो पहिल्या भावनेच्या जागी इतक्या चटकन येतो की ती जाणवतही नाही. ज्या घरांत मुलग्यांना रडण्याची मुभा नव्हती पण ओरडण्याची होती, तिथे वाढलेल्या पुरुषांत हा बदल विशेष सराईतपणे होतो. सगळाच राग असा दुय्यम नसतो, हेही ग्रीनबर्ग स्पष्ट करतात. अन्याय झाल्यावर येणारा राग ही थेट, पहिली भावना असू शकते.

हा अपवाद भारतीय घरांत फार महत्त्वाचा आहे. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांची रोज सरासरी २९९ मिनिटे त्यात जात होती आणि पुरुषांची ९७ मिनिटे. त्याच बदलापूरच्या गाडीतून बायको साडेआठला घरी आली, सिंकमध्ये सकाळची भांडी तशीच पडलेली पाहिली आणि मोबाइल पाहत बसलेल्या नवऱ्यावर ओरडली, तर त्या ओरडण्याचा जोर दिवसातून आलेला असेल, पण विषय खरा आहे. तिला 'तू दमली आहेस म्हणून चिडतेस' असे सांगणे म्हणजे थकव्याचे कारण पुढे करून तिची तक्रार निकालात काढणे. थकवा राग किती मोठा झाला हे सांगतो. तक्रार खरी की खोटी, याचा निवाडा त्याच्यावरून होत नाही.

हे दोन्ही एकमेकांपासून वेगळे करण्याची एक साधी कसोटी आहे. तेच वाक्य, तीच भांडी, रविवारी सकाळी पुरेशी झोप झालेली असताना समोर आली तर काय होते? तेव्हा काहीच वाटत नसेल, तर तो राग बहुतांशी बाहेरून आलेला होता. तेव्हाही टोचत असेल, फक्त आवाज चढत नसेल, तर प्रश्न घरातला आहे आणि तो शांतपणे बोलायला रविवारची सकाळच योग्य. दोन-तीन आठवडे अशा प्रसंगांची वहीत छोटी नोंद ठेवली तर चित्र अधिक स्पष्ट होते: कोणता वार, किती झोप, शेवटचे खाणे केव्हा, दिवसातले सर्वांत वाईट मिनिट कोणते, आणि निमित्त ठरलेले वाक्य स्वतःबद्दल काय सांगते आहे असे वाटले. शेवटची नोंद सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी असते. उदाहरणातल्या अधिकाऱ्याच्या वहीत बैठकीच्या दिवसांचीच गर्दी दिसेल, आणि निमित्ते वेगवेगळी असली तरी 'मी निष्काळजी आहे असे हिला वाटते' हाच अर्थ पुन्हा पुन्हा सापडेल.

दुसऱ्या बाजूला त्या संध्याकाळी काय घडते हेही पाहायला हवे. बायको सकाळी शाळेत शिकवून आलेली, दुपारी सासऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणलेली. तिलाही आरोपच ऐकू येतो. "मी काय दिवसभर झोपा काढते?" असे ती म्हणते आणि दोघांची शरीरे एकदम पेटतात. जोडप्यांच्या भांडणांचे मोजमाप करणाऱ्या जॉन गॉटमन यांच्या मते ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की समोरच्याचे म्हणणे नीट ऐकू येणे जवळपास थांबते. त्यानंतरचे बोलणे केवळ बचावाचे आणि हल्ल्याचे असते. म्हणून तिथून पुढे भांडण बिलावरून माहेरावर, माहेरावरून सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीवर जाते. साडेचारच्या बैठकीचा उल्लेख कोणीच करत नाही, कारण भांडणाच्या भरात एकाच्या मनात ती मागे पडलेली असते आणि दुसरीला ती ठाऊकच नसते.

थकलेल्या दिवसाचे पर्यवसान नेहमी रागातच होते असेही नाही. रेना रेपेटी यांनी १९८९ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांच्या घरांचा अभ्यास केला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी हे पुरुष घरी अधिक अबोल होत आणि राग उलट कमी दाखवत. बायकोचा आधार असेल तेव्हा हे मिटून बसणे अधिक दिसले. जणू तिने त्यांना तेवढी मोकळीक दिलेली असे. त्यामुळे हा अबोलपणा काही काळ उपयोगी ठरतो. अडचण तेव्हा येते जेव्हा त्याचे कारण सांगितले जात नाही, आणि जोडीदार त्या मौनाला तुसडेपणा समजून टोकत राहतो.

उपाय या यंत्रणेतूनच निघतो. उरलेली उत्तेजना चुकीच्या खात्यावर जमा होते ती तिचा खरा उगम विसरल्यामुळे. म्हणून घरात शिरताना तो उगम मोठ्याने सांगणे हे सर्वांत परिणामकारक: "आज साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. डोकं ठिकाणावर नाही. अर्धा तास दे, मग बोलू." या वाक्यात ऐकणाऱ्याला कारण कळते आणि बोलणाऱ्यालाही ते पुन्हा आठवते. गॉटमन अशा विश्रांतीला किमान वीस मिनिटे सुचवतात. ती वीस मिनिटे तोच प्रसंग घोळवण्यात गेली तर वाया गेली. हातपाय धुणे, काही तरी खाणे, मुलाशी खेळणे चालते; ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडणे चालत नाही. दीड खोलीच्या घरात वेगळी जागा नसते. अशा वेळी ही वीस मिनिटे स्टेशनबाहेर, रिक्षा न करता चालत येण्यात किंवा इमारतीखालच्या बाकावर घालवावी लागतात. उशी बडवून किंवा ओरडून राग 'मोकळा' करण्याचा सल्ला मात्र टाळावा. बुशमनच्याच २००२च्या प्रयोगात, डिवचणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त होता. आणि हा अर्धा तास एकाच्याच वाट्याला येत असेल, दुसरी मात्र पोळ्या लाटत उभीच असेल, तर त्यातून नवी तक्रार जन्माला येते. दोघांच्याही दिवसाचा हिशेब धरून तो वाटून घ्यावा लागतो.

राग निघून गेल्यावरचे बोलणेही बारकाईने पाहण्यासारखे आहे. "मी दमलो होतो, तू समजून घ्यायला हवं होतंस" या वाक्यात माफी दिसते, पण चूक ऐकणाऱ्याच्या माथी मारली जाते. "बैठकीतलं तुझ्यावर काढलं. बिलाची आठवण करून देण्यात तुझं काही चुकलं नव्हतं," यात खरा उगम सांगितला जातो आणि तिची बाजूही मान्य होते. त्याच्या पुढचे पाऊल, म्हणजे खालची भावना उघड करणे, बहुतेकांना जड जाते: "तू विचारलंस तेव्हा वाटलं, तुलाही मी बिनकामाचाच वाटतो." हे वाक्य ऐकल्यावर समोरचा माणूस क्वचितच भांडत राहतो. बिल त्याच रात्री भरून टाकणे हाही या माफीचाच भाग आहे.

या स्पष्टीकरणाला मर्यादा आहेत. चिडचिड सतत होत असेल, रविवारीही कमी होत नसेल, तर डॉक्टरांना भेटणे योग्य. थायरॉइडचा विकार, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे, मधुमेहाच्या औषधांमुळे साखर एकदम उतरणे, आणि नैराश्य ही तिची नेहमी आढळणारी कारणे आहेत. पुरुषांतले नैराश्य कित्येकदा उदासीऐवजी चिडचिडीतूनच दिसते. घरी येण्याआधी घेतलेली दारू हे तर वेगळेच कारण, आणि ती 'थकवा घालवायला' घेतली असली तरी परिणाम तोच. आठवड्यातून सरासरी दोनदा असे तोंडी स्फोट तीन महिने चालू असतील, तर मनोविकारतज्ज्ञ त्याकडे स्वतंत्र विकार म्हणून पाहतात. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर यासाठी मोफत सल्ला मिळतो.

सर्वांत मोठी मर्यादा हिंसेची आहे. जिथे राग आला की हात उगारला जातो, बायकोच्याच वस्तू फेकल्या जातात, पैसे, फोन किंवा माहेरी जाणे यांवर बंदी येते, आणि घरातली माणसे नवऱ्याच्या पावलांच्या आवाजाने गप्प होतात, तिथे प्रश्न थकव्याचा राहत नाही. फरक ओळखण्याची खूण अशी की थकव्यातला राग बोलणाऱ्यालाही नकोसा असतो आणि त्यातून त्याला काही मिळत नाही; धाकाच्या रागातून दर वेळी त्याच्या मनासारखे होते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार संरक्षण कायद्यात शारीरिक छळाबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही येतो, आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. अशा घरात 'रागाखाली काय आहे' हे शोधण्याची जबाबदारी बायकोवर टाकता येत नाही, आणि दोघांना एकत्र बसवून समुपदेशन सुरू करण्याआधी तिच्याशी एकटीशी बोलून ती सुरक्षित आहे याची खात्री करून घ्यावी लागते.